पसायदानाच्या आधीची पाच मिनिटे

आभारप्रदर्शन ह्या जोडशब्दातील पहिल्या पदात भार आहे आणि दुसऱ्या पदात तो सर्वांना दिसेल अशा रीतीने समोर मांडण्याची क्रिया आहे. सार्वजनिक कार्यक्रमाच्या शेवटी एखाद्या व्यक्तीने व्यासपीठावर उभे राहून साहाय्यकांची नावे घेण्याच्या प्रथेला मराठीने हा शब्द योजला, तेव्हा त्यातील अडचणही त्याच शब्दात साठवली गेली असे म्हणता येते. हैदराबादेत ह्याच प्रथेला तेलुगू सभेत ‘वंदन समर्पण’, हिंदी सभेत ‘धन्यवाद ज्ञापन’ आणि उर्दू सभेत ‘इजहार-ए-तशक्कुर’ म्हणतात, आणि काचीगुडा, सुलतान बाजार, इसामिया बाजार ह्या भागांतील मराठी माणसाच्या कानांवर ही सर्व नावे वर्षभर पडत असतात. तेलुगू शब्दात काही अर्पण केले जाते, उर्दू शब्दात मनातली गोष्ट प्रकट केली जाते आणि मराठी शब्दात ती दाखवली जाते. दाखवायची गोष्ट म्हटली की ती कोणाला दिसली आणि कोणाची राहून गेली, हा प्रश्न उभा राहतोच.

धार्मिक व्याख्यानांच्या सप्ताहात हा प्रश्न एरवीपेक्षा अधिक तीव्र होतो आणि त्याची कारणे त्या कार्यक्रमाच्या घडणीतच आहेत. सप्ताह म्हणजे सलग सात दिवस चालणारे श्रवण; शापित परीक्षित राजाने मृत्यूपूर्वीच्या सात दिवसांत शुकमुनींकडून भागवत ऐकले, ह्या कथेवरून ही मुदत रूढ झाली. एका संध्याकाळच्या व्याख्यानाला दहा-बारा माणसे पुरतात. सात संध्याकाळी मात्र तीच माणसे रोज येऊ शकत नाहीत, त्यामुळे कामे हातोहात बदलतात, सोमवारी पाणी ठेवणारा बुधवारी बाहेरगावी जातो, त्याच्या जागी आलेला शनिवारी प्रसाद वाटताना दिसतो, आणि समारोपाच्या दिवशी सभागृहात जे डोळ्यांसमोर असतात तेच सातही दिवस राबले असा भास आभार मानणाऱ्याला होऊ लागतो. शिवाय येथील काम हे ‘सेवा’ ह्या नावाने चालते, म्हणजे मोबदल्याची आणि नावाचीही अपेक्षा न ठेवता केलेले काम असे ते मानले जाते. नाव घेतले तर सेवेला उणेपणा येतो आणि नाव गाळले तर माणूस दुखावतो, ह्या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात. नको नको म्हणणाऱ्याचे नाव खरोखरच घेतले नाही, तर पुढच्या वर्षी तो फारसा फिरकत नाही, हा अनुभव संयोजन करणाऱ्यांना नवा नाही.

ह्या शहरातील मराठी समाजाची जडणघडणही येथे विचारात घ्यावी लागते. निजामाच्या हैदराबाद संस्थानात औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे मराठी जिल्हे होते, त्यामुळे राजधानीत मराठी वकील, शिक्षक आणि सरकारी नोकर मोठ्या संख्येने राहत. केशवराव कोरटकरांसारख्या पुढाऱ्यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली विवेकवर्धिनी पाठशाळा त्याच काळातली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना होऊन मराठवाडा वेगळा झाला आणि हैदराबादचा मराठी समाज राजधानीतच, पण आता दुसऱ्या भाषेच्या राज्यात राहिला. तेव्हापासून त्याचे कार्यक्रम मराठीत होतात खरे, परंतु त्यांना लागणारे हात मराठी असतातच असे नाही. खुर्च्या, सतरंज्या, कनाती आणि मोठी पातेली भाड्याने देणाऱ्या दुकानाला येथे ‘सप्लाइंग कंपनी’ म्हणतात, मंगल कार्यालयाला ‘फंक्शन हॉल’ म्हणतात, आणि ह्या दोन्ही ठिकाणची माणसे बहुधा तेलुगू किंवा दखनी बोलणारी असतात. ज्ञानेश्वरीवरील मराठी प्रवचन ज्याच्या ध्वनियंत्रणेमुळे शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचते त्याला त्यातील एकही ओवी कळलेली नसते, आणि त्याचे आभार मराठीतच मानले गेले तर तेही कळत नाहीत.

पद्धतीचा विचार करण्यासाठी एक नमुना डोळ्यांसमोर धरणे सोयीचे होईल. समजा, एका शाळेच्या सभागृहात ज्ञानेश्वरीच्या बाराव्या अध्यायावर सात दिवस प्रवचने ठरली आहेत. हा अध्याय भक्तियोगाचा, मूळ गीतेतील २० श्लोकांवरच्या २४७ ओव्यांचा, म्हणून रोज सरासरी ३५ ओव्या, दीड तासाचे विवरण, नंतर पसायदान, आरती आणि प्रसाद, आणि सातव्या दिवशी महाप्रसाद. प्रवचनकार मराठवाड्यातून रेल्वेने आलेले आहेत आणि एका कुटुंबाकडे उतरले आहेत. पेटी, पखवाज आणि टाळ धरणारे मिळून चौघे साथीला आहेत. अशा सप्ताहाला हातभार लावणारी माणसे मोजली तर ती सहज ५८ भरतात, आणि हा आकडा मुद्दाम फुगवलेला नाही: त्यात स्वयंपाकघरातील १४ स्त्रिया आहेत, प्रसाद वाटणारे आठ आहेत, पादत्राणे आणि वाहने सांभाळणारी पाच तरुण मुले आहेत, उरलेले ३१ जण एकेकटे किंवा दोघे-तिघे-चौघे मिळून निरनिराळी कामे करणारे आहेत.

आता ह्या ५८ जणांचा हिशेब वेळेत मांडला की अडचण स्पष्ट होते. आदरार्थी उपपदासह एक पूर्ण नाव स्पष्टपणे उच्चारायला सुमारे तीन सेकंद लागतात, म्हणजे नुसती नावे वाचली तरी जवळजवळ तीन मिनिटे जातात, आणि नुसत्या नावांची यादी ऐकणे म्हणजे शाळेतील हजेरी ऐकणे होय. प्रत्येक नावाला त्याचे काम जोडले तर एका माणसामागे बारा शब्द धरून जवळजवळ सातशे शब्द होतात. सभेत सावकाश बोललेली मराठी मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्दांच्या पुढे जात नाही, म्हणून ही सहा-सात मिनिटे. प्रत्येक नावाला टाळ्या पडल्या आणि त्या पाच सेकंद चालल्या, तर आणखी पावणेपाच मिनिटे. अशी ही यादी बारा मिनिटांच्या घरात जाते, आणि त्याच वेळी मागच्या खोलीतून साजूक तुपाचा वास सभागृहात येऊ लागलेला असतो, लहान मुले आयांच्या मांडीवरून उतरू लागलेली असतात. धार्मिक सभेतील श्रोता उठून जात नाही, ही त्याची सभ्यता आहे; पण तो ऐकत नाही, आणि त्या न ऐकण्याची पहिली खूण म्हणजे खुर्च्यांखाली पायांनी चपला चाचपल्याचा आवाज. चपला बाहेर काढायला लावल्या असतील तर ही खूण मिळत नाही. मग पिशव्यांच्या बंदांकडे पाहावे.

बहुतेक आभारप्रदर्शने बिघडतात ती लांबीमुळे किंवा विसराळूपणामुळे बिघडतात असे समजले जाते, परंतु दोन्ही दोषांचे मूळ एकच असते आणि ते म्हणजे यादी माणसांवरून सुरू करणे. माणसे आठवू लागली की ती प्रतिष्ठेच्या क्रमाने आठवतात: आधी अध्यक्ष, मग देणगीदार, मग व्यासपीठावर बसलेले, मग पहिल्या रांगेत बसलेले, आणि स्मरणाची दोरी तेथेच कुठेतरी संपते. यादी कामांवरून सुरू केली तर ती निराळ्या वाटेने चालते. त्यासाठी तीन प्रवास कागदावर उतरवावेत. पहिला प्रवास श्रोत्याचा: त्याला पत्रिका कोणी दिली, फाटकाशी वाहन कोणी लावून दिले, चपला कोणी सांभाळल्या, रांगोळी कोणी काढली, ओव्यांची छापील प्रत हातात कोणी ठेवली, पाणी कोणी दिले. दुसरा प्रवास वक्त्याचा: स्थानकावरून कोणी आणले, कोणाच्या घरी राहिले, सकाळचा चहा आणि पथ्याचे जेवण कोणी केले, रोज सभागृहापर्यंत कोणी सोडले, परतीचे तिकीट कोणी काढले. तिसरा प्रवास प्रसादाच्या एका घासाचा: रवा-साखर कोणी आणली, कोणाच्या पातेल्यात तो शिजला, कोणी ढवळला, द्रोणात कोणी भरला, वाटला कोणी, आणि उष्टे द्रोण कोणी उचलले. हे तीन मार्ग एकदा पूर्ण चालून झाले की सुटलेला माणूस बहुधा त्यांच्या वळणावरच उभा असलेला सापडतो, आणि विशेष हे की तो क्वचितच पहिल्या रांगेतला असतो.

ह्या कामासाठी पहिल्या दिवसापासून एक वही असावी, तीत रोजचे एक पान, आणि त्या पानावर डावीकडे काम व उजवीकडे त्या दिवशी ते करणाऱ्याचे नाव. ही वही संयोजकाने ठेवण्यापेक्षा जो दाराशी असतो त्याने ठेवावी, कारण संयोजक बहुतेक वेळ व्यासपीठाच्या आसपास असतो आणि तेथून सभागृहाचे मागचे दार दिसत नाही. सहाव्या दिवशी संध्याकाळी ही वही दोन माणसांना दाखवावी, एक स्वयंपाकघरातील आणि एक फाटकावरील. ते एकमेकांच्या गाळलेल्या जागा भरतात. केवळ सातव्या दिवशी दुपारी घाईने बसून केलेल्या यादीत बुधवारी आलेला आणि गुरुवारी गेलेला माणूस कधीच येत नाही.

कामांची यादी झाली की नमुन्यातील ५८ माणसे २१ कामांत बसतात, आणि येथून खरी निवड सुरू होते. येथे पाळायचा नियम एकच आहे, पण तो कठोर आहे: एका कामातील सर्वांची नावे घ्यावीत किंवा कोणाचेही घेऊ नये. चार साथीदारांपैकी तिघांची नावे घेऊन चौथा विसरणे हे चौघांनाही ‘साथसंगत करणारे’ म्हणण्यापेक्षा कितीतरी वाईट, कारण पहिल्यात वगळल्याचा घाव आहे आणि दुसऱ्यात केवळ संक्षेप आहे. ‘आणि इतर’ हा मराठी सभांमधला सर्वांत महाग शब्दप्रयोग म्हणता येईल. त्यापूर्वी दोन नावे आली की उरलेल्यांना आपली किंमत नेमकी कळते. म्हणून एक मर्यादा आधी ठरवून घ्यावी, उदाहरणार्थ चार: ज्या कामात चार किंवा त्याहून कमी माणसे आहेत तेथे सर्वांची नावे, ज्यात पाच किंवा अधिक आहेत तेथे कामाचे वर्णन, आणि त्यांची सर्व नावे फलकावर. नमुन्यात ह्या नियमाने ३१ नावे उच्चारली जातात व २७ माणसे तीन गटांच्या वर्णनात येतात. ३१ नावांना दीड मिनिट, २१ कामांच्या दहा-दहा शब्दांच्या उल्लेखांना दोन मिनिटे, आरंभ, शेवट आणि इतर भाषांतील वाक्यांना एक मिनिट, असा साडेचार मिनिटांचा हिशेब बसतो. टाळ्यांसाठी आरंभीच विनंती करावी की सर्वांसाठी मिळून शेवटी एकदाच नामगजर होईल; वारकरी वळणाच्या सभेत ही विनंती चटकन मानली जाते, कारण तेथे टाळीचे स्वाभाविक स्थान भजनात आहे.

चार हा आकडा मनमानी आहे, हे खरेच. तीन घेतला असता तरी चालले असते. महत्त्व आकड्याला नाही, तो आधी ठरलेला असण्याला आहे, कारण ऐनवेळी ठरवलेली मर्यादा नेहमी कोणाच्या तरी चेहऱ्याकडे पाहून ठरते. ह्या नियमाचा एक दुबळा बिंदूही मान्य केला पाहिजे. स्वयंपाकघरातील १४ स्त्रियांपैकी एक बाई सातही दिवस सर्वांत आधी आली, किराण्याचा हिशेब तिने ठेवला, कोठीची किल्ली तिच्या कमरेला होती, हे सर्वांना माहीत आहे; तिला ‘महिला मंडळ’ ह्या शब्दात बुडवणे अन्याय आणि तिचेच नाव वेगळे काढणे उरलेल्या तेरा जणींना न रुचणारे. तेथे कोठीघर सांभाळणे हे काम स्वयंपाकाहून खरोखरच वेगळे होते, म्हणून त्याचा उल्लेख वेगळा करता येतो. पण एखाद्याला वर काढण्यासाठी नसलेले काम निर्माण करणे चौदा बायकांच्या डोळ्यांतून सुटत नाही. वेगळे काम नसेल तर नाव घेऊ नये आणि दुसऱ्या दिवशी तिच्या घरी जाऊन तिच्याशी बोलावे.

येथे मराठी सभेतील एका गोड वाक्याचा समाचार घेणे भाग आहे. ‘घरच्यांचे आभार मानून त्यांना परके करायचे नाही’, असे म्हणून वक्ता हसतो, सभाही हसते, आणि त्या हास्यात सात दिवस चूल सांभाळणाऱ्या, वक्त्याला उतरवून घेणाऱ्या घराचा उल्लेख विरून जातो. उतारा देणारे घर हे सप्ताहातील सर्वांत जड काम करत असते: पहाटेची पूजा, कांदा-लसूण न घालता केलेला वेगळा स्वयंपाक, दुपारी भेटायला येणाऱ्यांचा राबता, रात्री उशिरापर्यंतच्या गप्पा. पुरुषाचे नाव यजमान म्हणून घेतले जाते आणि त्याच्या पत्नीचा उल्लेख ‘सौ. वहिनींनी’ एवढाच होतो. तिचे स्वतःचे नाव घेतल्याने सभेचा एक सेकंदही जास्त जात नाही. ‘शब्द अपुरे आहेत’, ‘ऋणातच राहणे पसंत करतो’, ही वाक्येही अशीच आहेत. ती भरपूर शब्द खर्चून काहीच सांगत नाहीत, आणि वेळ वाचवायचा असेल तर सर्वांत आधी ती काढावीत.

जुन्या मराठी ग्रंथांनी हे काम किती थोडक्यात केले आहे, ते पाहण्यासारखे आहे. ज्ञानेश्वरीच्या प्रचलित पाठात अठराव्या अध्यायाच्या अखेरीस गुरुपरंपरा येते, मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी आणि निवृत्ती अशी. मग पसायदान येते, आणि त्याच्यापाठी ग्रंथ कोठे व केव्हा झाला ते सांगणाऱ्या ओव्या येतात. त्यांतल्या एका ओवीत शके १२१२ हे वर्ष, टीका केल्याची नोंद, कर्त्याचे नाव आणि ती लिहून घेणाऱ्या सच्चिदानंदबाबांचे नाव, एवढे सर्व बसवलेले आहे. लेखनिकासाठी विशेषणांचा डोलारा नाही, त्याने हे काम कोणत्या भावनेने केले ते सांगणारा एकच शब्द आहे. नेवासे येथील ह्या लेखनिकाचे नाव सात शतकांहून अधिक काळ टिकले, ते ह्या एका ओवीमुळे. नऊ हजारांच्या घरातील ओव्यांपैकी एक. नाव आणि नेमके काम एवढे दिले की पुरते, हा धडा ह्याहून चांगला कोठे मिळेल?

ह्याच उदाहरणातून क्रमाचा प्रश्नही निघतो. ग्रंथात नामोल्लेख पसायदानानंतर आला आहे, परंतु सभेत तसे करणे चुकीचे ठरते, कारण ग्रंथाचा वाचक शेवटचे पान उलटेपर्यंत बसलेला असतो आणि सभेतील श्रोता पसायदानाला उभा राहिला की पुन्हा बसत नाही. म्हणून सातव्या दिवशी प्रवचनाचा समारोप, त्यानंतर वक्त्याला शाल-श्रीफळ, लगेच आभार, मग पसायदान, आरती आणि महाप्रसाद, असा क्रम ठेवावा. शाल-श्रीफळ देऊन ज्याचा सत्कार झाला त्याचे आभार पुन्हा तपशिलाने मानणे ही सभेच्या वेळेची उधळपट्टी आहे. एका वाक्यात उल्लेख करून पुढे जावे. देणगीदारांची रक्कम उच्चारू नये, कारण एक रक्कम उच्चारली की दुसरी मोजली जाते; ती पावतीवर असतेच. वक्त्यानंतर सर्वांत कमी दिसलेल्या कामापासून सुरुवात करावी आणि पदाधिकाऱ्यांकडे शेवटी यावे, म्हणजे सभेचे लक्ष ताजे असताना रांगोळी, पाणी आणि पखवाज ह्यांना ते मिळते. पदाधिकाऱ्यांना लक्ष कमी मिळाले तर ते सोसतात, निदान सोसावे.

हैदराबादेत उच्चाराचा मुद्दा वेगळाच उपस्थित होतो. तेलुगू नावात घराण्याचे नाव, ज्याला तेलुगूत ‘इंटि पेरु’ म्हणतात, आधी येते आणि बहुधा आद्याक्षराने लिहिले जाते; मराठी सवयीने ते शेवटी नेले की माणूसच बदलतो. ‘वेंकटेश्वर’ ह्या नावाचे मराठी जीभ ‘व्यंकटेश्वर’ करते, आणि ‘गारू’ हे आदरार्थी पद नावानंतर लावायचे असते, श्रीयुतासारखे आधी नव्हे. शिवाय दोन्ही एकत्र लावायचे नसतात. मंडपवाल्याच्या उर्दू नावाला ‘साहेब’ जोडला की पुरे होते. ज्यांचे नाव उच्चारायचे आहे त्यांच्याकडूनच ते एकदा म्हणवून घ्यावे आणि आपल्या लिपीत जसे ऐकू आले तसे लिहावे. मराठी प्रवचनकारासाठी वापरले जाणारे ‘ह.भ.प.’ हे संक्षिप्त रूप म्हणजे हरिभक्तपरायण. ते पत्रिकेत शोभते, पण व्यासपीठावर ‘हभप’ असे एका दमात उच्चारले की त्यातील हरी नाहीसा होतो. आणि ज्या मदतनिसांना मराठी येत नाही त्यांच्यासाठी एक वाक्य तेलुगूत आणि एक हिंदीत, त्यांच्याकडे पाहून बोलावे. दोन वाक्यांना पंधरा सेकंद लागतात, आणि ध्वनियंत्राच्या पेटीमागे बसलेला माणूस डोके वर उचलून पाहतो, ते सभेलाही दिसते.

परवानगी देणाऱ्या कचेऱ्यांचे आभार मात्र एका वाक्याहून जास्त नसावेत. निजामी राजवटीत ‘गश्ती निशान ५३’ नावाच्या परिपत्रकाने जाहीर सभांना पूर्वपरवानगी बंधनकारक केली होती, आणि त्या काळात धार्मिक प्रवचनांच्या आडोशाने समाज एकत्र येई. तेव्हाच्या परवानगीत काही भार होता. आजची परवानगी ही नागरिकाची रीतसर सोय आहे. सन २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा ह्या वेळेत उघड्यावर ध्वनिवर्धक चालवता येत नाही, आणि हे बंधन पाळले गेले ह्याचे श्रेय कचेरीपेक्षा घड्याळाकडे पाहणाऱ्या सूत्रसंचालकाला जास्त जाते.

एवढी तयारी करूनही सातव्या दिवशी चिठ्ठी येते. आभार सुरू असताना सभागृहाच्या मागच्या रांगेतून घडी घातलेला कागद निघतो, हातोहात पुढे सरकतो, पहिल्या रांगेतील कोणी वृद्ध गृहस्थ उठून तो व्यासपीठाच्या कडेला ठेवतात, आणि बोलणाऱ्याचे एक वाक्य तेथेच तुटते. कागदावर पत्रिकेच्या पाठकोऱ्या बाजूला घाईने लिहिलेले एक नाव असते, कधी आडनाव पुसट असते, आणि ते चुकीचे वाचले जाते. एका चिठ्ठीने धीर येऊन दुसरी निघते. चिठ्ठी थांबवता येत नाही, पण तिची वाट बदलता येते: व्यासपीठाच्या पायऱ्यांशी वही घेऊन एक माणूस बसवावा, त्याने चिठ्ठी घ्यावी, वहीत ते नाव आहे की नाही पाहावे, आणि नसेल तर फलकावर लिहावे. बोलणाऱ्याच्या हातात कागद देऊ नये.

तो फलक म्हणजे शाळेचाच काळा फळा, महाप्रसादाच्या रांगेशेजारी तिरका उभा केलेला. त्यावर सर्व ५८ नावे अकारविल्हे, म्हणजे वर्णमालेच्या क्रमाने, लिहिलेली असतात; पद नाही, रक्कम नाही, काम तेवढे कंसात. रांगेत उभा असलेला माणूस दहा-पंधरा मिनिटे मोकळा असतो आणि त्याला वाचण्याजोगे दुसरे काही नसते, त्यामुळे व्यासपीठावरून ऐकलेल्या यादीपेक्षा ही यादी जास्त लक्ष देऊन वाचली जाते, मुलेही आपल्या आईचे नाव शोधतात. खाली चार ओळी कोऱ्या ठेवाव्यात आणि खडू तेथेच ठेवावा. कोणी विसरल्याचे नंतर ध्यानात आले तर ध्वनिवर्धकाकडे धावत परत जाऊ नये, कारण आरतीनंतर घेतलेले नाव सभेला दुरुस्तीसारखे ऐकू येते आणि त्या माणसाला भिकेसारखे. त्या कोऱ्या ओळीत नाव लिहावे आणि दुसऱ्या दिवशी प्रसाद घेऊन त्याच्या घरी जावे. ‘अनवधानाने कोणाचे नाव राहिले असल्यास क्षमस्व’ हे वाक्य म्हणायला हरकत नाही, पण वही, तीन प्रवास आणि फलक हे सर्व झाल्यावर. ते सर्व टाळून केवळ हे वाक्य म्हणणे म्हणजे घर उघडे टाकून दाराला कुलपाचे चित्र चिकटवणे.

एक गट मात्र ह्या साऱ्या हिशेबातून निसटतो आणि त्याचे कारण त्याच्या कामाच्या वेळेत आहे. आभार सातव्या दिवशी रात्री आठच्या सुमारास मानले जातात आणि त्या वेळी पातेली घासायची असतात, सतरंज्या झटकायच्या असतात, खुर्च्या टेंपोत चढवायच्या असतात, फुलांचे निर्माल्य गोळा करायचे असते, आणि सोमवारी सकाळी वर्ग भरण्यापूर्वी सभागृह धुऊन द्यायचे असते. अजून न झालेल्या कामाचे आभार मानण्याची भूतकाळी क्रियापदांत सोय नाही. यादीतील जवळजवळ प्रत्येक वाक्य ‘केले’, ‘दिले’, ‘सांभाळले’ अशा शब्दांनी संपते. वहीच्या शेवटच्या पानावर आठव्या दिवसाची म्हणून एक नोंद आगाऊ करावी, आणि ‘आता ह्यापुढे जे करणार आहेत’ असे भविष्यकाळी वाक्य नावांसह घ्यावे. शाळेचे दोन शिपाई त्या वाक्यात येतात. रात्री दहानंतर, प्रसादाची रांग संपून दिवे अर्धे मालवल्यावर, त्यांच्यापैकी एक ओले कापड घेऊन फळ्याशी येतो. सकाळी त्याच फळ्यावर गणित शिकवायचे असते, म्हणून नावे वरून खाली, अकारापासून, पुसली जातात. आपले नाव जेथे येते त्या ओळीवर कापड थोडे थांबते, कंसात ‘सभागृह’ लिहिलेले असते, आणि मग तीही ओळ ओली होऊन काळी होते.